पाणी कोणाच्या ताब्यात? एका काल्पनिक दर्यावर्दी समाजाच्या घडणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका अद्भुतरम्य मराठी कादंबरीच्या हस्तलिखिताचे आहे. लेखिकेचे बालपण उरणला गेले आणि त्या सध्या मुंबईत एका बँकेत नोकरी करतात. दादरमध्ये दर शनिवारी जमणाऱ्या पाच जणांच्या आमच्या लेखनमंडळात हे हस्तलिखित सुमारे सात महिने वाचले गेले. मी तेथे संपादकाचे काम पाहतो. लेखिकेच्या संमतीने हा वृत्तान्त लिहिला असून कोणाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

कादंबरीतील लोकांचे नाव ‘वेळकर’. वेळ म्हणजे काळ आणि जुन्या अर्थाने किनारा. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसत असल्याने लेखिकेने ते निवडले होते. वेळकर नऊ बेटांवर राहतात. त्यांच्याकडे शेती नाममात्र आहे. मीठ, सुकी मासळी आणि दोरखंड यांवर त्यांचा व्यापार चालतो आणि वर्षातील आठ महिने गावातील कर्ती माणसे गलबतावर असतात. गलबतावरची हुद्द्यांची उतरंडच त्यांनी जमिनीवर आणली आहे. नाखवा हा मालक आणि प्रमुख, मालीम वाट दाखवणारा, तांडेल खलाशांचा म्होरक्या, त्यानंतर सारंग, मग शिधा आणि पाणी सांभाळणारा भंडारी, डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा पांजरी आणि शेवटी खलाशी. गावातील घरे गलबताच्या आकारात मांडलेली आहेत: नाळ म्हणजे गलबताचे पुढचे टोक; नाखव्याचे घर नाळेच्या विरुद्ध टोकाला, खलाशांची घरे नाळेकडे. लग्नातील पंगत, अंत्ययात्रेतील क्रम, पंचायतीत प्रथम कोणी बोलायचे, हे सारे हुद्द्यावरून ठरते.

यातील शब्द लेखिकेने शोधून काढलेले नव्हते आणि ते योग्यच होते. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये अबुल फजलने जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग दिले आहेत. त्यांत नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सारंग, भंडारी आणि पांजरी हे सर्व आहेत. मराठा आरमारातही तांडेल आणि नाखवा हे शब्द रुळलेले होते आणि आपल्या किनाऱ्यावर तांडेल, सारंग, नाखवा ही आडनावे आजही आहेत. गलबतावरचा हुद्दा घराच्या उंबरठ्यावर येऊन आडनाव होऊन बसतो, ही गोष्ट आपल्याकडे कल्पनेची नाही. त्यामुळे पहिल्या वाचनात मंडळातील कोणालाच या समाजाबद्दल शंका आली नाही.

अडचण

शंका आली ती सहाव्या प्रकरणाशी. कथानायिका भंडाऱ्याची मुलगी आहे. वडिलांचा हात मोडल्यामुळे ती त्यांच्या जागी गलबतावर आली आहे. परतीच्या प्रवासात, किनाऱ्यापासून अनेक दिवसांच्या अंतरावर, मालीम तापाने मरतो. गलबतावर मालमाचे ज्ञान दुसऱ्या कोणालाही नाही, कारण ते उघड करणे हा वेळकरांचा सर्वांत मोठा गुन्हा आहे. हस्तलिखिताच्या पहिल्या खर्ड्यात नायिका रात्री ध्रुवताऱ्याकडे पाहते, ‘तो उत्तर दाखवतो’ हे तिला आठवते आणि गलबत घरी पोहोचते.

मंडळातील एका सदस्याने, जे स्वतः बंदरात नोकरी करून निवृत्त झाले आहेत, एकच प्रश्न विचारला. जे ज्ञान एका मुलीला एका रात्रीत आठवते, त्याच्या बळावर मालमाचे घराणे चारशे वर्षे नाखव्याच्या शेजारी पहिल्या पंगतीला कसे बसले? लेखिकेला तेव्हा राग आला होता आणि तो समजण्यासारखा होता, कारण प्रश्न एका प्रसंगाचा नव्हता. वाट शोधणे सोपे असेल तर मालमाचा मान पोकळ ठरतो. मालमाचा मान पोकळ असेल तर तारे मोजण्याच्या त्याच्या फळीला हात लावल्यास दात पडतात ही वेळकरांची समजूत निव्वळ रंगत म्हणून उरते आणि साऱ्या गावाची मांडणी नाटकातल्या पडद्यासारखी होते. उलट वाट शोधणे पूर्णपणे अगम्य केले, तर नायिकेला ती सापडणे हा चमत्कार ठरतो.

या ठिकाणी खऱ्या नौकानयनातील एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकेच आपले अक्षांश असतात. मुंबईत तो सुमारे १९ अंशांवर दिसतो. अरबी समुद्रातील जुने नाविक ही उंची ‘कमाल’ नावाच्या साधनाने मोजत. एक लहान आयताकृती फळी, तिच्या मध्यातून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर धरायची, खालची कडा क्षितिजाला टेकवायची आणि वरची कडा ताऱ्याला भिडते का ते पाहायचे. १७ सेंटीमीटर उंचीची फळी डोळ्यापासून सुमारे ५० सेंटीमीटरवर धरली तर मुंबईचा ध्रुव बरोबर तिच्या वरच्या कडेवर बसतो. प्रत्येक बंदराची एक गाठ असते. परतताना तारा घरच्या गाठीवर बसेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचे आणि मग ती उंची न सोडता पूर्वेला किंवा पश्चिमेला सरळ चालायचे, एवढीच ही विद्या. मात्र आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आलो आहोत, हे ध्रुव सांगत नाही. पहिल्या खर्ड्यातील नायिकेला उत्तर दिशा सापडली असती, घर नव्हे.

समोर असलेले पर्याय

मंडळात तीन पर्याय पुढे आले. पहिला, मालमाकडे जादूचे होकायंत्र द्यायचे. हा पर्याय दहा मिनिटांत मागे पडला, कारण मग समाजाची उतरंड एका वस्तूवर टांगली गेली असती आणि ती वस्तू चोरीला जाताच कादंबरी संपली असती. दुसरा, मालमाची विद्या रक्तातून उतरते असे ठरवायचे आणि नायिका त्याचीच लपवलेली मुलगी निघते. लेखिकेला हा पर्याय काही काळ आवडला होता. त्याला विरोध माझा होता. भंडाऱ्याची मुलगी शेवटी मालमाची निघाली तर भंडाऱ्याच्या घरात वाढल्याचा तिला काहीच उपयोग झाला नाही असे ठरते आणि जी उतरंड कादंबरी तपासू पाहते तिलाच आपण मुकाट्याने मान्यता देतो.

तिसरा पर्याय एका वयस्क तांडेलांशी झालेल्या बोलण्यातून आला. लेखिका आणि मी वेसाव्याच्या कोळीवाड्यात त्यांना भेटायला गेलो होतो. ते ऐकून घेत राहिले. आम्ही मालीम, तारे आणि फळी यांविषयी बराच वेळ बोललो, तेव्हा त्यांनी मध्येच विचारले, “बाय, ते सगलं खरं, पन पानी कोनाच्या ताब्यात?” लेखिकेने भंडाऱ्याच्या असे सांगितल्यावर ते म्हणाले की मग तुझ्या गलबतावर दोन मालीम आहेत. परतीच्या रेल्वे प्रवासात आम्ही हे वाक्य उलटसुलट करत होतो. वाट शोधणे हे एकच ज्ञान नसून अनेक तुकड्यांचे ज्ञान आहे आणि प्रत्येक हुद्द्याकडे एकेक तुकडा आहे, असे धरले तर उतरंडही टिकते आणि नायिकेला तिच्या स्वतःच्या घराचा वारसाही उपयोगी पडतो. तिसरा पर्याय हाच होता.

तो स्वीकारण्याआधी एक लहान निर्णय घ्यावा लागला. हस्तलिखितातील आकाशात दोन चंद्र होते. अद्भुतरम्य कथांत ही सवयीची सजावट आहे आणि लेखिकेला दुसऱ्या चंद्राची वर्णने प्रिय होती. परंतु भंडाऱ्याचा तुकडा म्हणून जे ज्ञान आम्ही योजत होतो ते भरती–ओहोटीचे होते आणि दोन चंद्रांच्या भरतीचे गणित एखाद्या मुलीने बोटांवर करणे शक्य नव्हते. दुसरा चंद्र गेला. त्याच्याबरोबर काही सुंदर परिच्छेदही गेले, याची मला अजून हळहळ आहे.

काय केले

प्रथम मालमाचा तुकडा ठरला. फळी सर्वांना दिसते. गुप्त आहे ती गाठींची ओळख. दोरीवर चौदा गाठी आहेत आणि कोणती गाठ कोणत्या बंदराची, हे फक्त मालमाला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या फळीची दोरी तोंडात घेतली तर वर्षभरात दात पडतात, ही समजूत म्हणजे या गुप्ततेचे कुलूप झाले. मालमाच्या मृत्यूनंतर तांडेलसुद्धा फळीला हात लावायला तयार होत नाही. येथे लेखिकेने स्वतः शोधलेला उपाय मला या हस्तलिखितातील सर्वांत चोख वाटतो. घरची गाठ ही प्रत्येक परतीच्या प्रवासात चावली जाणारी गाठ आहे. बाकीच्या तेरा गाठी फिकट आहेत, एक मात्र काळपट आणि दातांनी चपटी झालेली आहे. भंडाऱ्याची मुलगी रोज भांडी घासते. वापराने वस्तू कशी झिजते हे तिला मालमापेक्षा अधिक कळते. ती दोरीला हात लावत नाही, केवळ पाहून गाठ ओळखते आणि तांडेलाला सांगते. दात पडण्याची जोखीम तांडेल घेतो.

मग फळीची मर्यादा दाखवायची होती. जुन्या नाविकांचे माप ‘बोट’ होते आणि एक बोट म्हणजे सुमारे १.६ अंश. पाव बोटाची चूक झाली तर किनाऱ्यावर ती ४४ किलोमीटरची होते. आम्ही उरणच्या किनाऱ्यावर पुठ्ठ्याची फळी करून पाहिले तेव्हा चौघांची मापे एकमेकांशी जुळली नाहीत आणि आमच्या पायांखाली तर वाळू होती, हलणारे गलबत नव्हते. या फळीवर एका अंशासाठी गाठ जेमतेम ३ सेंटीमीटर सरकते. भिजलेली दोरी किंचित ताणली तरी तेवढा फरक पडू शकतो. म्हणून अनुभवी नाविक नेमका बंदरावर नेम धरत नाही. तो मुद्दाम एका बाजूला, शक्यतो वाऱ्याच्या बाजूला, थोडा सरकून किनारा गाठतो. मग बंदर कोणत्या हाताला आहे याचा संशय राहत नाही. तांडेलाला हे अनुभवाने ठाऊक असते. तो अर्धे बोट उत्तरेला जास्त चढतो आणि किनारा दिसल्यावर दक्षिणेकडे वळतो. तांडेलाचा तुकडा हा ठरला.

येथपर्यंत हस्तलिखित सुरळीत झाले. खरा पेच बंदराच्या तोंडाशी आला.

निर्णायक पेच: दगड की पाणी

वेळकरांचे बंदर एका खाडीत आहे आणि खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. भंडाऱ्याकडे तिथीची पाऊणपट आहे. कोकण किनाऱ्यावरील हा हिशोब अनेक वाचकांना ठाऊक असेल: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ठोकळ वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते आणि हिशोब प्रत्येक तिथीला ४५ मिनिटे धरतो, म्हणून तो ठोकळच आहे. शिवाय तो मुंबईच्या आसपास जुळतो, दुसऱ्या किनाऱ्यावर जुळेलच असे नाही. कादंबरीतील बंदराला आम्ही मुंबईचीच भरती दिली, म्हणजे चुका पकडता येतील. मुंबईत पौर्णिमा–अमावास्येच्या सुमाराची म्हणजे उधाणाची भरती साधारण ४.४ मीटरपर्यंत चढते, तर अष्टमीच्या सुमाराची म्हणजे भांगाची भरती ३.३ मीटरच्या आसपास थांबते. हा १.१ मीटरचा फरक दांड्यावर जसाच्या तसा लागू केला: उधाणाच्या भरतीला दांड्यावर २.५ मीटर पाणी, भांगाच्या भरतीला १.४ मीटर.

गलबताचा तळ पाण्याखाली १.८ मीटर असतो आणि लाटेच्या हेलकाव्यासाठी आणखी किमान २० सेंटीमीटर हवेत. ते शुद्ध अष्टमीला खाडीच्या तोंडाशी पोहोचते. सर्वांत कमी भरती अष्टमीला येत नाही, ती एक-दोन दिवस मागाहून येते. म्हणजे पुढचे दोन दिवस परिस्थिती बिघडणार आहे. त्यानंतर पाणी चढू लागेल. आमच्या आकडेमोडीप्रमाणे द्वादशीला दांड्यावर सुमारे १.८ मीटर, त्रयोदशीला सुमारे २ मीटर. गलबतावरील पिण्याचे पाणी मात्र नेहमीच्या मापाने द्वादशीपर्यंतच पुरणारे आहे. एका दिवसाची तूट हा या प्रकरणाचा गाभा आहे. खाडीबाहेरचा किनारा खडकाळ आहे, तेथे होडी उतरवता येत नाही, एवढे लेखिकेने आधीच्या प्रकरणात पेरून ठेवले होते.

लेखिकेचा पहिला विचार दगडांचा होता. वेळकरांच्या गलबताच्या तळाशी तोल राखण्यासाठी दगड भरलेले असतात आणि प्रत्येक दगड खलाशाच्या घराच्या उंबरठ्याखालून आणलेला असतो. तो समुद्रात टाकणे म्हणजे स्वतःचे घर बुडवणे, अशी त्यांची श्रद्धा आहे. नायिका ही श्रद्धा मोडते, दगड फेकायला लावते, गलबत वर उचलले जाते आणि द्वादशीच्या भरतीला दांडा पार होतो, असा मोठा देखावा लेखिकेने लिहून आणला होता. वाचताना तो प्रभावी होता, हे नाकारता येणार नाही.

तरी आम्ही तो दोन बाजूंनी तपासला. पहिली बाजू वजनाची. १२ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद गलबताला पाण्यातून १० सेंटीमीटर वर उचलायचे तर सुमारे साडेतीन टन उतरवावे लागतात. २० सेंटीमीटरसाठी सात टन. तळाचे जवळजवळ सर्व दगड गेले असते आणि उंच डोलकाठीचे, तळ हलका झालेले गलबत दांड्यावरच्या लाटांत आडवे होण्याचीच शक्यता अधिक होती. दगडांविषयीच्या श्रद्धेचे मूळ येथेच असावे, असे मला वाटते. घाबरलेल्या माणसांच्या हाताला प्रथम लागते ते जड ओझे आणि ते फेकले की गलबत उलटते. हे प्रत्येक खलाशाला समजावून सांगण्यापेक्षा दगडाला घराचा उंबरठा बांधून ठेवणे अधिक खात्रीचे. वाचकाला ही श्रद्धा खुळी वाटावी आणि नायिका शहाणी, अशी जी रचना देखाव्यात होती, ती प्रत्यक्षात उलटी ठरत होती.

दुसरी बाजू हुद्द्याची. दगड फेकण्याचा हुकूम भंडाऱ्याची मुलगी कोणत्या अधिकाराने देणार? तांडेल तिचे ऐकतो असे लिहिले तर उतरंड केवळ नायिकेच्या सोयीसाठी वाकते. या बैठकीत निवृत्त सदस्यांनी वेसाव्याच्या तांडेलांचा प्रश्न पुन्हा आठवून दिला. पाणी तिच्या ताब्यात आहे. पाण्याचे माप पळीने ठरते, त्या पळीला नाखवाही हात लावत नाही आणि ही रीत लेखिकेने पहिल्याच प्रकरणात, एका विनोदी प्रसंगात, सहज लिहून ठेवली होती. गलबतावर २२ माणसे आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला ३ लिटर, म्हणजे एकूण ६६ लिटर लागतात. नवमीच्या सकाळी पिंपांत चार दिवसांचे, २६४ लिटर उरले आहे. ते पाच दिवस पुरवायचे तर माणशी २.४ लिटर पडते. त्रास होईल, पण कोणी मरणार नाही. त्रयोदशीला पावणेदहाच्या भरतीला, डोक्यावर आलेल्या चांदण्यात, एकही दगड न टाकता गलबत दांडा ओलांडू शकते.

लेखिकेचा आक्षेप असा होता की चार माणसांना समुद्रात दगड फेकताना पाहणे आणि एका मुलीने पळी अर्धवट भरणे यांत वाचक पहिलेच निवडेल. यावर मंडळात मतभेद झाला आणि तो पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही. निर्णय लेखिकेचाच होता. त्यांनी पाण्याचा मार्ग घेतला, परंतु दगड पूर्णपणे सोडले नाहीत.

परिणाम

नव्या खर्ड्यात नायिका नवमीच्या सकाळी पळी कमी भरते आणि कारण सांगत नाही, कारण भंडाऱ्याने माप बदलल्याचे कारण सांगण्याची वेळकरांत रीत नाही. गलबतावर कुजबुज सुरू होते. दशमीला सारंग तिच्यावर पाणी लपवल्याचा आरोप करतो. एकादशीच्या दुपारी तांडेल तिथी मोजतो, तिने काय केले आहे ते ओळखतो आणि तोही काही बोलत नाही. तो केवळ स्वतःची वाटी सर्वांच्या देखत अर्धी भरून घेतो. मला स्वतःला हा देखावा दगडांच्या देखाव्यापेक्षा सरस वाटतो, मात्र मी त्या निर्णयाच्या बाजूचा होतो हे वाचकाने लक्षात घ्यावे.

द्वादशीच्या रात्री एक तरुण खलाशी तळात उतरतो, आपल्या घरचा दगड उचलतो आणि गुपचूप समुद्रात सोडतो. काहीच होत नाही. वारा वाढत नाही, त्याचे घर पडल्याची बातमी येत नाही. दुसऱ्या दिवशी गलबत दांडा ओलांडते आणि गावात पोहोचल्यावर प्रत्येक जण आपापले दगड मोजून घेतो, तेव्हा एक कमी भरतो. तो कोणाचा हे सर्वांना कळते, पण कोणी उच्चार करत नाही. त्या खलाशाला पंगतीत पूर्वीच्याच जागी बसवले जाते, फक्त त्याच्या शेजारची जागा रिकामी ठेवली जाते. लेखिकेने हा प्रसंग कोणाच्याही सूचनेशिवाय लिहिला.

या बदलांमुळे पुढची चार प्रकरणे नव्याने लिहावी लागली. पूर्वी पंचायत नायिकेला मालमाचा मान देते असा शेवट होता. आता मालमाच्या घराण्याने घरची गाठ बदलण्याचा ठराव मांडला आहे, म्हणजे झिजलेल्या गाठीवरून ती पुन्हा कोणाला ओळखता येऊ नये. सर्व चौदा गाठी दरवर्षी नव्या दोरीवर बांधायच्या. नायिका त्या बैठकीत नाळेकडच्या टोकाला उभी आहे आणि तिला बोलण्याची पाळी अजून आलेली नाही. बाहेरच्या तीन वाचकांना हा खर्डा दिला असता दोघांनी पाण्याचे प्रकरण मागे जाऊन पुन्हा वाचल्याचे सांगितले. तिसऱ्या वाचकाने तिथीच्या हिशोबाची दोन पाने सरळ ओलांडली.

पुन्हा करायचे झाले तर

आमची सर्वांत मोठी चूक क्रमाची होती. आम्ही पाच महिने हुद्द्यांची नावे, पोशाख आणि पंगतीचे क्रम ठरवत बसलो आणि प्रत्येक हुद्द्याशिवाय गलबताचे नेमके काय अडते, हा प्रश्न शेवटी विचारला. तो आधी विचारला असता तर पांजरी आणि सारंग या दोन हुद्द्यांना आज जो तुकडा देता आलेला नाही, तोही कदाचित मिळाला असता. पांजरी अजूनही केवळ किनारा पाहून ओरडतो. किनारा दिसण्याआधी पाण्याचा रंग, तरंगणारे गवत आणि सायंकाळी परतणारे पक्षी यांवरून तो जवळ असल्याचे ओळखणे हे त्याचे काम करता आले असते. सारंग तर खलनायकाच्या जागी ढकलला गेला आहे.

दांड्यावरच्या खोलीचे आकडे हस्तलिखितात ठेवावेत की नाहीत, यावर मी आज वेगळा निर्णय दिला असता. ते सर्व आकडे मी आग्रहाने खर्ड्याच्या मजकुरात ठेवले आणि त्या तिसऱ्या वाचकाने पाने ओलांडली त्याला मीच कारण आहे. आकडे आमच्या वहीत असायला हवे होते. मजकुरात तिथी, वाजलेली वेळ आणि पळी एवढ्या तीन गोष्टी पुरल्या असत्या. पुढच्या खर्ड्यात लेखिका मीटर काढून टाकत आहेत आणि दांड्यावरचे पाणी नायिकेच्या वडिलांच्या शब्दांत, माणसाच्या शरीरावरून मोजत आहेत: भांगाला छातीपर्यंत, उधाणाला हात वर केला तरी बुडेल इतके.

ध्रुवाच्या नावाचा निर्णय अजून व्हायचा आहे. पहिल्या खर्ड्यात वेळकर त्याला ‘मेढ’ म्हणत. शब्द जुना आणि देखणा आहे, परंतु मेढ म्हणजे खळ्यातील तो खांब, ज्याभोवती बैल फिरतात. ज्यांच्याकडे शेती नाममात्र आहे त्यांना आकाशात खळे कसे दिसेल, असे मी विचारले. लेखिकेने ‘नांगर’ सुचवले आहे: गलबताचा नांगर, जागेवरून न हलणारा. निवृत्त सदस्यांचे म्हणणे असे की शहरातील वाचकाला नांगर म्हटल्यावर पुन्हा शेतच दिसेल. येत्या शनिवारी त्यावर बोलायचे आहे.